वेळ, अंतर आणि आडोसा : डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रेडिओग्राफरचे संरक्षण-गणित

रेडिओग्राफर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रुग्णालयातील एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ येतो. परंतु ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवली औद्योगिक वसाहतीच्या दोन्ही फेजपर्यंत आणि पुढे अंबरनाथपर्यंत जेथे जेथे बॉयलर, दाबपात्रे आणि जाड नळ्यांचे जाळे आहे, तेथे आणखी एक रेडिओग्राफर वावरत असतो, जो माणसाच्या हाडांऐवजी पोलादाच्या वेल्डिंगचे छायाचित्र घेतो. जोडाच्या एका बाजूला किरणोत्सारी स्रोत आणि दुसऱ्या बाजूला फिल्म ठेवली, की जोडात राहिलेली पोकळी किंवा तडा फिल्मवर अधिक काळा उमटतो, कारण त्या ठिकाणी पोलाद कमी असल्याने किरण अधिक पार होतात. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या दुसऱ्या रेडिओग्राफरविषयी आहे, कारण वेळ, अंतर आणि आडोसा या तीन साधनांची खरी परीक्षा त्याच्याच कामात होते. रुग्णालयातील एक्स-रे खोलीच्या भिंती एकदाच बांधल्या जातात आणि यंत्राची वीज बंद केली की किरण थांबतात. याउलट कारखान्याच्या आवारात काम करणाऱ्याला प्रत्येक रात्री नवी जागा मिळते आणि त्याचा स्रोत कोणत्याही बटणाने बंद होत नाही.

या कामात सर्वाधिक वापरला जाणारा स्रोत म्हणजे इरिडियम-१९२. इरिडियम धातूच्या काही मिलिमीटर व्यासाच्या चकत्या अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवून तो तयार करतात. हे काम तुर्भ्यातील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत होते आणि असे स्रोत देशभर पुरवणाऱ्या ब्रिट, अर्थात विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे संकुल खाडीच्या अलीकडे, ठाणे जिल्ह्यातील वाशी येथे आहे. चकत्या पोलादी कुपीत बंद करून ती कुपी एका लवचिक तारेच्या टोकाला पक्की करतात, आणि ही तार ज्या जड पेटीत राहते तिला कामावरचे लोक ‘कॅमेरा’ म्हणतात. कॅमेऱ्यातील आवरण बहुधा क्षीण युरेनियमचे असते, म्हणजे अणुइंधनासाठी उपयोगी भाग काढून घेतल्यावर उरलेल्या युरेनियमचे, कारण ते शिशाहूनही घन असल्याने कमी जाडीत अधिक किरण अडवते. फोटो घ्यायचा, म्हणजे ‘शॉट’ मारायचा, तेव्हा दूर बसलेला माणूस हाताने क्रँक फिरवतो. त्यासरशी कुपी कॅमेऱ्यातून बाहेर पडते, गाईड ट्यूबमधून सरकत जोडापाशी पोहोचते आणि तेथे कॉलिमेटर नावाच्या टंगस्टनच्या छोट्या टोपणात स्थिरावते. कॉलिमेटरला एकाच बाजूने खिडकी असते. त्या खिडकीतून किरण जोडाकडे जातात आणि बाकीच्या बाजूंना बरेचसे अडवले जातात.

हिशेबाला सुरुवात करण्यापूर्वी मापे निश्चित केली पाहिजेत. स्रोताची ताकद क्युरीमध्ये सांगण्याची सवय कामावर अजून टिकून आहे. एक क्युरी म्हणजे ३७ गिगाबेकरेल, म्हणजेच दर सेकंदाला ३७ अब्ज अणूंचे विघटन. शरीराला पोहोचणारी मात्रा सीव्हर्टमध्ये आणि व्यवहारात तिच्या हजाराव्या व दशलक्षाव्या भागात, म्हणजे मिलिसीव्हर्ट आणि मायक्रोसीव्हर्टमध्ये मोजतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार किरणोत्साराशी व्यवसायाने संबंध येणाऱ्या व्यक्तीला सलग पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये, तर सर्वसामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. इरिडियम-१९२ चा एक क्युरीचा उघडा स्रोत एक मीटरवर ताशी सुमारे ४.८ मिलिसीव्हर्ट देतो. म्हणजे २० क्युरीचा स्रोत त्याच अंतरावर ताशी ९६, सोयीसाठी आणि सावधगिरीसाठी १०० मिलिसीव्हर्ट देईल. पाच वर्षांसाठी ठरवलेली मर्यादा एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडून एका तासात संपते, एवढे लक्षात घेतले की पुढच्या सर्व आकड्यांचा अर्थ लागू लागतो.

अंतर वाढले की मात्रा कमी होते, आणि ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. हाच व्यस्त वर्ग नियम होय. त्याचे कारण भूमितीत आहे. बिंदुवत स्रोतातून निघालेले किरण सर्व दिशांना सारखे पसरतात आणि कोणत्याही अंतरावर ते त्या त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठभागावर वाटले जातात. त्रिज्या दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो, म्हणून प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला पावपट किरण येतात. त्यानुसार २० क्युरीच्या उघड्या स्रोतापासून १० मीटरवर ताशी १०० मिलिसीव्हर्टचा शंभरावा भाग, म्हणजे १ मिलिसीव्हर्ट, आणि २० मीटरवर पाव मिलिसीव्हर्ट, म्हणजे २५० मायक्रोसीव्हर्ट मिळतात. नियमाचा दुसरा चेहरा मात्र कमी वेळा सांगितला जातो. अंतर घटवले की तोच वर्ग उलट दिशेने काम करतो. एक मीटरवरून एक सेंटिमीटरवर आले की अंतर शंभरपट घटते आणि मात्रा दहा हजारपट वाढते.

या दुसऱ्या चेहऱ्याचे एक नोंदलेले उदाहरण पेरू देशातील आहे. २० फेब्रुवारी १९९९ रोजी यानांगो येथील जलविद्युत प्रकल्पात एका वेल्डरला इरिडियम-१९२ चा सुटून पडलेला स्रोत सापडला आणि ती धातूची वस्तू काय आहे हे न कळल्याने त्याने ती पँटच्या मागच्या खिशात टाकली. स्रोत ३७ क्युरीचा होता, म्हणजे एक मीटरवर ताशी सुमारे १७८ मिलिसीव्हर्टचा. त्याच्यापासून एक सेंटिमीटरवरील ऊतींचा हिशेब केला तर आकडा ताशी सुमारे १,७८० सीव्हर्ट, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ अर्धा सीव्हर्ट येतो. स्रोत कित्येक तास खिशात राहिला. तो माणूस जगला, पण त्याचा एक पाय कापावा लागला. काही मीटरवरच्या माणसाच्या आणि त्याच्या भवितव्यात जो फरक पडला, तो जवळजवळ संपूर्णपणे अंतराच्या वर्गाचा होता.

आता डोंबिवलीच्या वसाहतीतील एका रात्रीचा आराखडा मांडता येईल. तो प्रातिनिधिक आहे, कोणत्याही एका कारखान्याचा नाही. शेडमधल्या नळ्यांच्या जोडांचे २० शॉट घ्यायचे आहेत, स्रोत २० क्युरीचा आहे, प्रत्येक शॉट तीन मिनिटांचा आहे आणि क्रँकची तार १० मीटर लांब आहे. कॉलिमेटरचे टंगस्टन चार अर्धमूल्य-जाड्यांचे आहे. अर्धमूल्य-जाडी म्हणजे किरण निम्मे करणारी जाडी. अशा चार जाड्या एकापुढे एक आल्या की किरण निम्म्याचे निम्मे होत सोळावा भाग उरतात. त्यामुळे खिडकीची दिशा सोडून इतरत्र १० मीटरवर ताशी १,००० ऐवजी सुमारे ६२ मायक्रोसीव्हर्ट मिळतील आणि तीन मिनिटांच्या शॉटमध्ये क्रँकवाल्याला सुमारे ३ मायक्रोसीव्हर्ट पडतील. बहुतेक ठिकाणचा हिशेब येथेच थांबतो आणि चूकही येथेच होते.

कारण कॉलिमेटरमध्ये पोहोचण्यापूर्वी कुपीला दोन मीटरच्या गाईड ट्यूबमधून जावे लागते आणि परत येताना तोच मार्ग उलटा पार करावा लागतो. या प्रवासात तिच्याभोवती ना युरेनियम असते, ना टंगस्टन. जायला पाच आणि यायला पाच असे दहा सेकंद धरले आणि सावधगिरी म्हणून अंतर १० मीटरच मानले, तर ताशी १,००० मायक्रोसीव्हर्टच्या दराने या दहा सेकंदांत सुमारे २.८ मायक्रोसीव्हर्ट मिळतात. म्हणजे तीन मिनिटांच्या झाकलेल्या शॉटची मात्रा आणि दहा सेकंदांच्या उघड्या प्रवासाची मात्रा जवळजवळ सारखी आहे. शॉटच्या वेळी क्रँकवाला उठून दूर जाऊ शकतो. प्रवासाच्या वेळी मात्र त्याचा हात क्रँकवरच असावा लागतो. वेळ कमी करा या सूचनेचा खरा अर्थ म्हणूनच शॉट लवकर उरका असा नसून क्रँक न अडखळता, एका दमात, शेवटपर्यंत फिरवा असा आहे. शॉटचा वेळ तसाही फिल्म ठरवते. तो कापला तर फोटो फिका येतो, शॉट पुन्हा घ्यावा लागतो आणि प्रवासाची मात्रा आणखी एकदा पदरी पडते.

संपूर्ण रात्रीचा हिशेब केला तर प्रत्येक शॉटचे सुमारे ५.९ प्रमाणे २० शॉटचे १२० मायक्रोसीव्हर्टच्या आसपास होतात. शॉट चालू असताना क्रँकवाला २० मीटरवर गेला तर शॉटचा वाटा पावपट होतो, पण प्रवासाचा वाटा तसाच राहतो, आणि रात्रीची बेरीज १२० वरून ७२ पर्यंतच उतरते. त्याऐवजी तारच १५ मीटरची घेतली आणि माणूस जागचा हलला नाही, तरी दोन्ही वाटे सव्वादोनने भागले जाऊन बेरीज ५३ वर येते. पाच मीटर जास्तीची तार ही प्रत्येक शॉटला दहा मीटर मागे जाऊन परत येणाऱ्या शिस्तीपेक्षा अधिक वाचवते, आणि शिस्त पहाटे तीन वाजता ढिली पडते तशी तार पडत नाही. लांब तार फिरवायला जड जाते व प्रवासाला एखादे सेकंद अधिक लागते, हे खरे. तरीही नफा तारेच्याच बाजूला राहतो.

नागरिकांचा विचार केला की अंतराचा प्रश्न वेगळे वळण घेतो. डोंबिवलीत औद्योगिक भूखंड आणि निवासी विभाग एकमेकांना इतके लागून आहेत की कारखान्याच्या कुंपणापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरांच्या खिडक्या असतात. समजा, एकाच आवारात वर्षातून ५० रात्री असे काम होणार आहे. तर कुंपणाबाहेरच्या माणसाला एका रात्री १ मिलिसीव्हर्टचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मायक्रोसीव्हर्टपेक्षा अधिक मिळू नयेत असे ठरवावे लागेल. रात्रीतील शॉटचा एकूण वेळ एक तास आणि प्रवासाचा २०० सेकंद आहे. एक मीटरवर पहिल्याचे ६.२५ आणि दुसऱ्याचे सुमारे ५.५५, असे ११.८ मिलिसीव्हर्ट, म्हणजे ११,८०० मायक्रोसीव्हर्ट होतात. त्यांना २० ने भागून आलेल्या ५९० चे वर्गमूळ २४ च्या थोडे वर आहे. म्हणजे दोरी आणि धोक्याच्या पाट्या लावून जो घेरा करायचा त्याची त्रिज्या किमान २५ मीटर हवी. कॉलिमेटर नसता तर हाच हिशेब ७३ मीटरवर गेला असता, आणि एवढा मोठा घेरा या वसाहतीत रस्ता व घरे न गिळता आखता येणे कठीण आहे. याउलट कॉलिमेटर आणखी जाड, सहा अर्धमूल्य-जाड्यांचा घेतला तर त्रिज्या १९ मीटरपर्यंतच येते, कारण आता मात्रेचा मोठा भाग कॉलिमेटरमधून येतच नाही. तो प्रवासातून येतो. खिडकीच्या दिशेचा हिशेब अर्थातच स्वतंत्र असतो. तेथे नळीचे पोलाद किरण फार तर निम्मे करते आणि घेरा ५० मीटरच्या पलीकडे जातो, म्हणून जोडाची रचना परवानगी देत असेल तर खिडकी जमिनीकडे वळवणे हा सर्वात स्वस्त उपाय ठरतो.

घेरा जमिनीवर आखला जातो, किरण मात्र वरही जातात. शेजारच्या इमारतीचा तिसरा मजला जमिनीवरून १८ मीटर दूर आणि ९ मीटर उंच असेल तर तिरके अंतर २० मीटरच भरते, आणि तेथे उघड्या गच्चीत किंवा खिडकीत असलेल्या माणसाला रात्रीत जवळपास ३० मायक्रोसीव्हर्ट मिळतील. खाली दोरीपाशी पहारा ठेवून त्याला काहीच उपयोग होत नाही. जागा संपली की अंतराचे काम आडोशाकडे सोपवावे लागते ते अशा ठिकाणी.

आडोशाचा हिशेब व्यस्त वर्ग नियमाशी जोडून पाहिला की निर्णय सोपा होतो. इरिडियमच्या किरणांसाठी शिशाची अर्धमूल्य-जाडी सुमारे ५ मिलिमीटर आणि काँक्रीटची सुमारे ५ सेंटिमीटर धरतात. पंधरा सेंटिमीटर काँक्रीट म्हणजे तीन वेळा निम्मे, अर्थात आठवा भाग. आठचे वर्गमूळ सुमारे २.८ असल्याने १० मीटरवरील अशा खांबामागे बसणे हे उघड्यावर २८ मीटर दूर बसण्यासारखे आहे. शेडमध्ये खांब असतातच. कॅमेरा ठेवण्यापूर्वी खांब निवडला आणि तारेला फार आखूड वळण न देता क्रँक त्याच्यामागे आणली, तर प्रवासाचे २.८ मायक्रोसीव्हर्ट ०.३५ वर येतात, आणि यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही. गाईड ट्यूब घरांच्या विरुद्ध बाजूला, एखाद्या भरलेल्या टाकीच्या किंवा जाड दाबपात्राच्या आड पसरली की तिसऱ्या मजल्याचाही प्रश्न बराचसा सुटतो. खांबाची कड ओलांडून डोकावण्याचा मोह तेवढा आवरला पाहिजे.

रुग्णालयातील शिशाचा एप्रन मात्र येथे निरुपयोगी आहे. अर्ध्या मिलिमीटर शिशाचा एप्रन इरिडियमचे किरण जेमतेम सहा-सात टक्क्यांनी कमी करतो, आणि त्याच्या वजनाने माणसाची चाल मंदावली तर तेवढा फायदाही वेळेत वाहून जातो. त्याच एप्रनची किंमत अतिदक्षता कक्षात फिरते एक्स-रे यंत्र नेणाऱ्या तंत्रज्ञासाठी पूर्णपणे वेगळी आहे, कारण रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेल्या एक्स-किरणांची ऊर्जा कमी असते आणि पाव मिलिमीटर शिसेही त्यांतले बहुतेक अडवते. तेथे व्यस्त वर्ग नियम लावायचा तर अंतर ट्यूबपासून न मोजता रुग्णापासून मोजायचे असते, कारण कर्मचाऱ्याच्या दृष्टीने रुग्णाचे शरीर हाच स्रोत होतो. खाटेपासून एक मीटरवरून दोन मीटरवर सरकणे तेथेही मात्रा पावपट करते, आणि खाटेला अगदी खेटून उभे राहिल्यास स्रोत बिंदुवत न राहिल्याने नियमाचा आकडा विश्वासार्ह राहत नाही.

नियमाच्या मर्यादा औद्योगिक कामातही आहेत. पत्र्याच्या छपरावरून, भिंतींवरून आणि जमिनीवरून काही किरण विखरून परत येतात, त्यामुळे दूरच्या ठिकाणी प्रत्यक्ष आकडा हिशेबापेक्षा अधिक निघतो. हे ओळखण्याची रीत साधी आहे. पहिल्या शॉटच्या वेळी सर्व्हे मीटर, म्हणजे मात्रेचा ताशी दर दाखवणारे हातातले यंत्र, १० मीटरवर आणि २० मीटरवर धरून पाहावे. पहिल्या ठिकाणी ६२ असताना दुसऱ्या ठिकाणी १६ च्या आसपास यायला हवे. तेथे २५ आले तर विखुरलेल्या किरणांचा वाटा मोठा आहे आणि घेरा कागदावरच्या आकड्याऐवजी मीटरच्या आकड्याने आखला पाहिजे. स्रोत जुना होत जातो हाही हिशेबातला भाग आहे. इरिडियम-१९२ ची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते. मग २० क्युरीचे १० उरतात आणि तीन मिनिटांचा शॉट सहा मिनिटांचा होतो. शॉटची एकूण मात्रा त्यामुळे बदलत नाही, प्रवासाची मात्रा मात्र निम्मी होते. ठेकेदाराला ताजा, जोमदार स्रोत आवडतो कारण रात्रीत अधिक शॉट बसतात. क्रँकवाल्याच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक शॉटमागे जुना स्रोतच स्वस्त पडतो.

या साऱ्या आराखड्याचे गृहीतक एकच आहे, की शॉट संपल्यावर कुपी कॅमेऱ्यात परत येते. ती कधी कधी येत नाही. गाईड ट्यूबवर काही जड पडून ती चेपली किंवा वळण फार तीव्र झाले, की कुपी वाटेत अडकते; आणि कुपीची तार क्रँकच्या तारेपासून सुटली, की क्रँक मोकळी फिरते आणि माणसाला काम झाल्यासारखे वाटते. हाताला जाणवणारा फरक फसवा असतो. मीटर खरे सांगतो. क्रँक पूर्ण फिरवल्यावर १० मीटरवरचा आकडा ६२ वरून नेहमीच्या पार्श्वभूमीवर उतरला पाहिजे. तो ६२ वरच राहिला तर कुपी कॉलिमेटरमध्ये अडकली आहे, आणि तो १,००० कडे गेला तर ती ट्यूबमध्ये उघडी आहे. मीटरने शून्य दाखवले तर त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी बॅटरी तपासावी लागते, शिवाय काही जुने मीटर फार तीव्र किरणांत गुदमरून आकडाच दाखवत नाहीत हेही लक्षात ठेवावे लागते. छातीवरचा टीएलडी बॅज येथे मदतीला येत नाही. तो मिळालेली मात्रा साठवतो आणि प्रयोगशाळेत वाचला गेल्यावरच सांगतो.

अशा वेळी पहिले पाऊल मागे, घेऱ्याच्या रेषेपर्यंत टाकायचे असते, आणि पुढचे पाऊल किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याने हिशेब केल्यावर. उघड्या कुपीला दीड मीटर लांब चिमट्याने उचलून शिशाच्या भांड्यात टाकायचे असेल तर त्या अंतरावरचा दर ताशी सुमारे ४४ मिलिसीव्हर्ट आहे; काम ३० सेकंदांत झाले तर मात्रा ०.३७ मिलिसीव्हर्ट पडते. तेच काम तयारीविना, अर्ध्या मीटरवर वाकून, दोन मिनिटे चाचपडत केले तर दर ताशी ४०० होतो आणि मात्रा १३ मिलिसीव्हर्टच्या वर जाते, म्हणजे वर्षाच्या सरासरी मर्यादेच्या दोन तृतीयांश. म्हणून घेऱ्याबाहेर त्याच लांबीचा चिमटा, तेच भांडे आणि खोटी कुपी घेऊन आधी सराव करतात, आणि तीस सेकंदांचा आकडा घड्याळावर दोन-तीनदा बसल्याशिवाय आत जाणाऱ्याला आत सोडत नाहीत.